प्रकल्प नोंदी: वजनकाट्याच्या वहीत वेगळे ऊस उत्पादक किती?

2 एप्रिल

काम असं आहे. चिकोडी-निपाणी भागातल्या एका साखर कारखान्याच्या वजनकाट्याची दोन हंगामांची नोंद हातात आहे. भरलेल्या वजनाच्या सुमारे 2 लाख ओळी, प्रत्येक ओळ म्हणजे उसाची एक खेप. प्रत्येक खेपेला दोन वेळा आहेत: गाडी तळावर आली तेव्हा फाटकावर मिळालेल्या टोकनाची वेळ, आणि भरलेली गाडी काट्यावर चढली ती वेळ. या दोन वेळांच्या दरम्यान किती *वेगवेगळ्या* उत्पादकांचा ऊस काट्यावरून गेला, ते प्रत्येक खेपेसाठी काढायचं आहे.

मागणी कुठून आली ते उघड आहे. गाडी दिवसभर तळावर उभी राहते आणि पुढून मोजक्याच लोकांच्या खेपा सरकतात, अशी कुरकूर दर हंगामात असते. पुढून किती खेपा गेल्या हे साध्या वजाबाकीनं निघतं, पण त्यानं कुरकुरीचं उत्तर मिळत नाही. शंभर खेपा चाळीस जणांच्या होत्या की नव्वद जणांच्या, हा खरा प्रश्न.

शेतकी खात्याच्या क्वेरी वेगळ्या आहेत. अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत, कधी एक पंधरवडा, कधी अख्खा हंगाम. सगळ्या मिळून 2 लाखांच्या थोड्या वर.

3 एप्रिल

पहिला मोह `set` चा. प्रत्येक क्वेरीसाठी टप्प्यातल्या सगळ्या ओळी संचात टाका आणि संचाची लांबी घ्या. दिवसाला सातशे-आठशे खेपा होतात. गाडी एक दिवस थांबली असं धरलं तरी 2 लाख क्वेरींसाठी साधारण 15 कोटी वेळा संचात टाकणं आलं. खात्याच्या हंगामभराच्या क्वेरी त्यात घातल्या की एकेका क्वेरीला लाखभर ओळी पडतात. हे बाद.

दुसरा मोह सरकत्या टप्प्याचा. डावं टोक आणि उजवं टोक दोन्ही पुढेच सरकत असतील तर प्रत्येक उत्पादकाची चालू संख्या ठेवून काम भागतं, दुसरं काही लागत नाही. टोकनाच्या क्रमानं डावं टोक पुढेच जातं हे खरं. पण तळावर बैलगाड्यांची, ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची आणि ट्रकांची रांग वेगळी असते. नंतर आलेली बैलगाडी आधीच्या ट्रकाच्या कितीतरी अगोदर काट्यावर जाते. त्यामुळे उजवं टोक मागेपुढे उड्या मारतं. रांग एकच असती तर ही वही इथेच मिटली असती.

तिसरा मोह सर्वांत फसवा, म्हणून तो लिहून ठेवतो. सुरुवातीपासून प्रत्येक ओळीपर्यंत वेगळे उत्पादक किती याची बेरीज एकदाच करून ठेवायची आणि दोन टोकांची वजाबाकी करायची. वजनाच्या बाबतीत ही युक्ती चालते, वेगळेपणाच्या बाबतीत चालत नाही. आठ ओळींचा नमुना घेतला:

```
जागा      1    2    3    4     5    6    7    8
उत्पादक  417   88  417  1203   88  417  560  1203
```

जागा 3 ते 6 मध्ये 417, 1203 आणि 88 असे तीन जण आहेत. पहिल्या सहा ओळींत वेगळे 3, पहिल्या दोन ओळींत वेगळे 2, वजाबाकी 1. उत्तर चुकलं, कारण 417 आणि 88 हे दोघं आधी मोजले गेले म्हणून पुढच्या टप्प्यात त्यांना पुन्हा कुणी मोजतच नाही.

5 एप्रिल

गाठ सुटते ती या प्रश्नापाशी: टप्प्यात 417 तीनदा आला, तर त्यातली कुठली ओळ मोजायची? ठरवायला हवं, आणि तो ठराव डाव्या टोकावर अवलंबून नसावा.

उजवं टोक `r` ठरलं की प्रत्येक उत्पादकाची `r` पर्यंतची *शेवटची* ओळ ठरते. तिथेच 1 ची खूण, बाकी सगळीकडे 0. आता डावं टोक `l` कुठेही असो. तो उत्पादक टप्प्यात एकदा जरी असेल, तर त्याची शेवटची ओळ त्या जागेवर किंवा तिच्या उजवीकडे, म्हणजे टप्प्यातच असणार. टप्प्यात नसेल तर शेवटची ओळ `l` च्या मागे पडते आणि मोजली जात नाही. प्रत्येकाची खूण एकच, म्हणून दुबार मोजणीचा प्रश्नच उरत नाही. `l` ते `r` मधल्या खुणांची बेरीज हेच उत्तर.

मात्र खुणांची ही मांडणी एका ठरावीक `r` साठीच खरी असते. म्हणून सगळ्या क्वेरी आधी हातात घ्यायच्या, उजव्या टोकाच्या चढत्या क्रमानं लावायच्या, आणि वही डावीकडून उजवीकडे एकदाच वाचायची. `r` एका ओळीनं पुढे सरकला की फार तर दोनच खुणा बदलतात: त्या उत्पादकाची जुनी खूण पुसायची, नवी लावायची. ऑफलाइन म्हणतात ते याच अर्थानं. क्वेरी आल्या त्या क्रमानं उत्तर देण्याचं बंधन नाही.

हातानं करून पाहिलं. `r = 5` ला खुणा 3, 4, 5 वर आहेत (417, 1203, 88). ओळ 6 वर पुन्हा 417. जागा 3 ची खूण पुसली, 6 वर लावली. आता खुणा 4, 5, 6 वर. क्वेरी (3, 6): तिन्ही खुणा आत, उत्तर 3. क्वेरी (5, 6): दोन आत, उत्तर 2, म्हणजे 88 आणि 417. ओळ 8 संपेपर्यंत 1203 ची खूण 4 वरून 8 वर जाते, 560 ची 7 वर येते, आणि (2, 8) चं उत्तर 4 येतं. सगळी बरोबर.

राहिलं ते एवढंच की खुणा बदलत असताना बेरीज झटपट हवी. साध्या यादीत खूण बदलणं एका पायरीत होतं पण बेरजेला सगळी यादी चालावी लागते. आगाऊ बेरजांच्या यादीत नेमकं उलट. बायनरी इंडेक्स्ड ट्री दोन्ही कामं साधारण `log n` पायऱ्यांत उरकतं. पीटर फेनविक यांनी 1994 मध्ये ते मांडलं म्हणून फेनविक ट्री हेही नाव रूढ आहे. नाव झाड असलं तरी ठेवायची असते ती एकच सपाट यादी.

त्या यादीत `tree[i]` मध्ये एकट्या `i` ची खूण नसते. `i` मागे जितक्या ओळी सांभाळतो त्यांची बेरीज असते, आणि त्या किती हे `i` च्या बायनरी रूपातला सर्वांत खालचा 1 सांगतो, म्हणजे `i & -i`. 6 हा `110`, खालचा 1 दोनाच्या जागी, म्हणून `tree[6]` मध्ये 5 आणि 6 या दोन जागा. 4 हा `100`, म्हणून `tree[4]` मध्ये 1 ते 4. `tree[8]` मध्ये आठही.

वरचीच पायरी झाडात अशी दिसते. 3 ची खूण पुसताना 3, 4 आणि 8 हे तीन कप्पे एकानं कमी होतात. 6 वर खूण लावताना 6 आणि 8 एकानं वाढतात. त्यानंतर `tree[4] = 1`, `tree[5] = 1`, `tree[6] = 2`, `tree[8] = 3`, बाकी शून्य. 6 पर्यंतची बेरीज म्हणजे `tree[6] + tree[4]`, 2 अधिक 1, तीन. 2 पर्यंतची बेरीज `tree[2]`, शून्य. वजाबाकी 3, (3, 6) चं उत्तर. इथे वजाबाकी चालते, कारण आपण आता वेगळेपणा वजा करत नाही, खुणा वजा करतोय.

8 एप्रिल

कोड लिहिला. दोन फंक्शनं आणि एक लूप.

```python
def add(i, d):
    while i <= n:
        tree[i] += d
        i += i & -i

def upto(i):
    s = 0
    while i > 0:
        s += tree[i]
        i -= i & -i
    return s
```

```python
for i in range(1, n + 1):
    v = a[i]
    if last[v]:
        add(last[v], -1)
    add(i, 1)
    last[v] = i
    for k in at[i]:
        ans[k] = upto(i) - upto(L[k] - 1)
```

`tree` ची लांबी `n + 1`, कप्पा 0 रिकामाच. `at[i]` मध्ये उजवं टोक `i` असलेल्या क्वेरींचे मूळ क्रमांक. उजवी टोकं 1 ते `n` मधलेच पूर्णांक असल्यामुळे तुलना करून क्रम लावायची गरजच पडली नाही. ज्या त्या ओळीच्या खणात क्वेरी टाकली की क्रम आपोआप लागतो. उत्तर `ans[k]` मध्ये मूळ क्रमांकावरच बसतं, त्यामुळे मागून पुन्हा क्रम लावणंही वाचलं.

हिशेब: प्रत्येक ओळीला फार तर दोन `add`, प्रत्येक क्वेरीला दोन `upto`, म्हणजे सगळे मिळून सुमारे 8 लाख. एकेकाला जास्तीत जास्त 18 पायऱ्या, कारण 2 लाख ही संख्या बायनरीत 18 अंकी. एकूण दीड कोटीच्या आत. क्वेरी पंधरवड्याची असो की हंगामाची, खर्च तेवढाच, आणि या कामात झाड घेण्याचं खरं कारण तेच.

मो यांची पद्धत (क्वेरींचे गट पाडून दोन्ही टोकं सरकवणं) हाही पर्याय होता. तिचा खर्च साधारण `n√q`, इथे 9 कोटींच्या घरात. टप्प्यात सर्वाधिक वेळा कोण आला असं विचारलं असतं तर तिच्याकडे वळावं लागलं असतं. नुसत्या मोजणीसाठी नको.

9 एप्रिल

कोड चालला, उत्तरंही पटण्यासारखी आली, पण संचाच्या सावकाश पद्धतीशी पडताळताना काही क्वेरी एकानं कमी भरल्या. नेहमी एकानंच. लांब टप्प्यांत क्वचित, आखूड टप्प्यांत सर्रास.

लक्षण नीट वाचलं तर कारण त्यातच आहे. पहिल्या मसुद्यात क्वेरींचा आतला लूप `if last[v]` च्याही वर होता. म्हणजे ओळ `i` ची खूण लागायच्या आतच उत्तर दिलं जात होतं. मांडणी `i - 1` ची, प्रश्न `i` पर्यंतचा. शेवटच्या ओळीतला उत्पादक टप्प्यात आधी येऊन गेला असेल तर त्याची जुनी खूण मोजली जाते आणि उत्तर योगायोगानं बरोबर येतं. तो टप्प्यात पहिल्यांदाच आला असेल तर एक कमी. नमुन्यात (3, 6) ला तीनच येतात, कारण 417 जागा 3 वर आहेच. पण (5, 6) ला 2 ऐवजी 1 येतो. लांब टप्प्यात तोच उत्पादक आधी येऊन गेलेला असण्याची शक्यता जास्त, म्हणून चूक दडून राहते. हंगामभराच्या दहा क्वेरी तपासून कुणी खूश झालं असतं तर ही चूक अहवालात गेली असती.

यावरून दोन तपासण्या कायमच्या ठेवल्या. पहिली: प्रत्येक (i, i) चं उत्तर 1 यायलाच हवं. वरची चूक असेल तर तिथे 0 येतो. दुसरी: (1, n) चं उत्तर एकूण वेगळ्या उत्पादकांइतकं यायला हवं. जुनी खूण पुसायची राहिली तर पहिली तपासणी पास होते, पण दुसरीत चक्क `n` येतो, कारण मग आपण उत्पादक न मोजता खेपाच मोजत असतो. दोन्ही चुका एका तपासणीत सापडत नाहीत.

याशिवाय लहान यादीचा मारा: आठ-दहा ओळी, तीन-चारच वेगळी मूल्यं, सगळे शक्य (l, r), आणि संचाच्या उत्तराशी तुलना. मूल्यं मुद्दाम थोडी, म्हणजे पुनरावृत्ती भरपूर होते.

आणखी एक, शून्याबद्दल. कुणी जागा 0 पासून मोजल्या तर `add(0, 1)` कधीच थांबत नाही. 0 मध्ये `0 & -0` मिळवलं तरी 0 च. प्रोग्राम अडकतो, चूक दाखवत नाही. `last` मध्ये ‘अजून आला नाही’ यासाठी -1 ठेवलं तरी तीच गत. पायथॉनमध्ये `if last[v]` ला -1 म्हणजे होकार, `tree[-1]` म्हणजे यादीतला शेवटचा कप्पा गुपचूप बदलतो, आणि पुढच्या पायरीला -1 चा 0 होऊन लूप तिथेच गरागरा फिरतो. जागा 1 पासून आणि ‘नाही’ साठी 0, ही जोडी मोडू नये.

12 एप्रिल

आजचा दिवस डेटाचा. झाड बिनचूक असलं तरी ‘वेगळा’ कुणाला म्हणायचं ते झाड ठरवत नाही.

नावावर मोजणी करायचा प्रश्नच नव्हता. आपल्या भागात एकच माणूस एका काट्यावर कन्नडमध्ये आणि दुसऱ्यावर मराठीत लिहिला जातो. म्हणून क्रमांक धरला. पण क्रमांकही कुठे `0417`, कुठे `417`, हाती भरलेल्या जुन्या ओळींत देवनागरी अंकांत, तर काही ठिकाणी कन्नड अंकांत. मजकूर म्हणून तुलना केली तर हे चार वेगळे उत्पादक होतात. पायथॉनचं `int()` देवनागरी आणि कन्नड अंकही ओळखतं, पुढचं शून्यही गाळतं. चारही 417 झाले.

उलटी चूकही निघाली. सभासद 417 आणि बिगर सभासद 417 हे दोन निराळे लोक, दोन निराळ्या मालिका. नुसता क्रमांक घेतला तर दोघांचा एक होतो आणि मोजणी कमी भरते. म्हणून किल्ली ही (मालिका, क्रमांक) अशी जोडी केली, आणि प्रत्येक नव्या जोडीला डिक्शनरीतून 0, 1, 2 असा सलग आकडा दिला. `a[i]` मध्ये हाच आकडा जातो. असं केल्यानं `last` ची यादी उत्पादकांच्या संख्येइतकीच लागते.

तिसरी गोष्ट सहज नजरेतून सुटली असती. काट्यावर प्रत्येक गाडी दोनदा चढते: भरलेली, आणि ऊस उतरवून रिकामी. दोन्ही ओळी वहीत असतात. एकदा वाटलं, राहू द्या, वेगळे मोजतोय तेव्हा एकाच माणसाच्या दोन ओळींनी काय बिघडणार? बिघडतं. रिकाम्या वजनाची ओळ तास-दीड तासानं येते. ज्या टप्प्यात त्या उत्पादकाचा ऊस आलाच नाही, त्या टप्प्यात त्याची रिकामी ट्रॉली त्याला आणून बसवते. रिकाम्या वजनाच्या ओळी काढून टाकल्या.

15 एप्रिल

क्वेरी वेळेत येतात, झाडाला जागा लागतात. ओळी वजनाच्या वेळेनुसार लावल्या आणि बायनरी सर्चनं टोकं काढली: `t1` किंवा त्यानंतरची पहिली ओळ `l`, `t2` पर्यंतची शेवटची ओळ `r`. यादी 0 पासून असली की `l = bisect_left(T, t1) + 1` आणि `r = bisect_right(T, t2)`. दोन काट्यांवर एकाच मिनिटाला खेपा पडतात, म्हणून एका टोकाला `left` आणि दुसऱ्याला `right` हे काटेकोर हवं. नाहीतर त्या मिनिटातल्या ओळी निसटतात.

हंगाम वर्ष ओलांडतो, त्यामुळे तारीख मजकूर म्हणून ठेवणं महागात पडतं. `02-01-2024` हे अक्षरांच्या क्रमानं `28-12-2023` च्या आधी लागतं. वेळेचंही तसंच, `9:05` हे `10:12` च्या नंतर लागतं. आधी खरी तारीख-वेळ, मग क्रम.

पाऊस पडला, तोड बंद राहिली, की टप्पा रिकामा निघतो. तेव्हा `l = r + 1` येतं आणि वजाबाकी आपसूक 0 देते. अपवाद `r = 0` चा, म्हणजे वहीच्या पहिल्या ओळीआधीचा टप्पा: लूप 1 पासून सुरू होतो, त्या क्वेरीला हातच लागत नाही. `ans` ची सुरुवात 0 नं केली असेल तर ठीक; -1 नं केली असेल तर तो -1 अहवालात जाऊन बसतो. आणि `l` हा `r + 1` पेक्षाही मोठा आला तर क्वेरीतल्या तारखा उलट्या आहेत. तिथेही उत्तर 0 च येतं आणि टप्पा रिकामा असल्यासारखा दिसतो, म्हणून अशा क्वेरी आधीच बाजूला काढतो.

18 एप्रिल

शेतकी खात्याकडून विचारणा: वहीत नंतर दुरुस्ती झाली तर? एखाद्या खेपेचा उत्पादक क्रमांक चुकला, पावती रद्द झाली.

या पद्धतीत मधली ओळ बदलता येत नाही. लूप `r` च्या पुढे गेला की मागच्या मांडण्या पुसल्या गेलेल्या असतात. दुरुस्ती आली की सगळं पुन्हा चालवायचं, एवढंच. दीड कोटी पायऱ्यांचं काम रात्री एकदा चालवणं कुणाला जड नाही, तेव्हा दुरुस्त्या दिवसभर साठवून एकदम घालायच्या असं ठरलं.

खिडकीवर बसलेल्या माणसाला तारखा टाकताक्षणी उत्तर हवं असेल, तर प्रत्येक `r` ची मांडणी जपून ठेवावी लागेल. त्यासाठी पर्सिस्टंट सेगमेंट ट्री. प्रत्येक ओळीला दोन बदल, प्रत्येक बदलाला 19 नवे नोड, 2 लाख ओळींचे 76 लाख नोड. नोडला 12 बाइट धरले तर 91 एमबी. आपलं बायनरी इंडेक्स्ड ट्री, तेवढ्याच नोंदींसाठी, 4 बाइटच्या पूर्णांकांत 0.8 एमबी. आणि 91 एमबी खर्चूनही मधल्या ओळीची दुरुस्ती त्यात होत नाहीच. ती अडचण तशीच राहते. खात्यानं रात्रीच्या फेरीला होकार दिला.

19 एप्रिल

पूर्ण डेटावर फेरी झाली. (i, i) सगळीकडे 1. (1, n) आणि डिक्शनरीची लांबी जुळली. तारखा उलट्या असलेल्या क्वेरी वेगळ्या फाइलीत काढून खात्याकडे परत पाठवल्या. अहवालात प्रत्येक खेपेपुढे दोन रकाने ठेवलेत, पुढून गेलेल्या खेपा आणि पुढून गेलेले उत्पादक. दोन्हीत स्वतःची खेप धरलेली आहे, हे रकान्याच्या मथळ्यात लिहायचं राहिलंय, ते उद्या.